PaCO2 35: नॉर्मल आकडा, बिघडलेली रुग्ण

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची आणि आम्लतेची तपासणी. नर्सिंगच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि बऱ्याच जणींचा हमखास चुकतो. मी वर्गात या विषयाची सुरुवात नेहमी एकाच रिपोर्टने करते:

pH 6.98, PaCO2 35, HCO3 8.

यातला तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवणारा आकडा कोणता, असं विचारलं की बहुतेक बोटं 6.98 कडे जातात, काही 8 कडे. 35 कडे सहसा कोणीच बघत नाही. त्याची नॉर्मल मर्यादा 35 ते 45 अशी पाठ असते आणि हा आकडा त्या मर्यादेत बसतो, म्हणून त्याच्यापुढे बरोबरची खूण होते आणि नजर पुढे सरकते. पण ही रुग्ण पुढच्या तासाभरात वाचणार की नाही, हे मुख्यतः त्या 35 वर अवलंबून आहे. तो आकडा नॉर्मल दिसतोय हीच तिथली वाईट बातमी आहे. ते का, हे नीट कळलं की एबीजीमधलं निम्म्याहून जास्त पाठांतर गळून पडतं. म्हणून या लेखात एकच धागा धरते: मेटाबोलिक ॲसिडोसिस आणि त्याला फुफ्फुसांनी द्यायचं उत्तर.

तीन आकडे नेमकं काय सांगतात

pH म्हणजे रक्त किती आम्ल आहे याचं माप. नॉर्मल 7.35 ते 7.45. हे माप उलटं चालतं, म्हणजे आम्ल वाढलं की pH घसरतो. शिवाय त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. pH 7.40 असताना एक लिटर रक्तात हायड्रोजन आयन साधारण 40 नॅनोमोल असतात, तर 7.10 ला ते 80 च्या आसपास पोचतात. दशांश चिन्हानंतरची ही किरकोळ वाटणारी घसरण म्हणजे दुप्पट आम्ल. म्हणून 7.40 चा 7.10 झाला तर ‘थोडा कमी झाला’ असं म्हणता येत नाही.

PaCO2 म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, नॉर्मल 35 ते 45 मिमी पारा. हा वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून PaCO2 वाढला की रक्त आम्ल होतं. त्याला बाहेर टाकायचं काम फुफ्फुसांचं. श्वास वाढला की PaCO2 उतरतो, श्वास मंदावला की चढतो.

HCO3 म्हणजे बायकार्बोनेट, वॉर्डातल्या भाषेत बायकार्ब. नॉर्मल 22 ते 26 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. हा आम्ल शोषून घेणारा स्पंज समजा. शरीरात जास्तीचं आम्ल तयार झालं की ते टिपता टिपता हा स्पंज संपत जातो. त्याचा साठा राखायचं आणि भरून काढायचं काम मूत्रपिंडांचं.

या तिघांना बांधणारं एक सूत्र आहे, आणि फक्त तेवढं मात्र मी पाठ करायला सांगते:

```
H+ = 24 × PaCO2 ÷ HCO3
```

नॉर्मल आकडे घालून बघा. 24 गुणिले 40 भागिले 24, म्हणजे 40. सूत्र सांगतंय ते असं की pH एकट्या PaCO2 वर ठरत नाही आणि एकट्या HCO3 वरही ठरत नाही. तो ठरतो त्या दोघांच्या गुणोत्तरावर. HCO3 निम्मा झाला तरी PaCO2 पण निम्मा झाला, तर आम्लता जागची हलत नाही. पुढचा सगळा लेख या एका वाक्यातूनच निघतो.

(PaO2 आणि सॅच्युरेशन रिपोर्टवर असतातच. ते ऑक्सिजनबद्दल बोलतात आणि वेगळे वाचायचे असतात. ते का मिसळू नयेत, हे पुढे उदाहरणात दिसेल.)

आधी गुन्हेगार शोधा, मग मदतनीस

क्रम असा. पहिल्यांदा pH बघा: आम्ल बाजूला झुकलाय की अल्क बाजूला? मग विचारा, या झुकण्याचं कारण PaCO2 असू शकतं की HCO3? pH घसरलेला आणि PaCO2 वाढलेला असेल तर दोष श्वसनाचा, म्हणजे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. pH घसरलेला आणि HCO3 घटलेला असेल तर मेटाबोलिक ॲसिडोसिस. यासाठी ‘रोम’ ही खूणगाठ प्रसिद्ध आहे: रेस्पिरेटरी ऑपोझिट, मेटाबोलिक इक्वल. श्वसनाच्या दोषात pH आणि PaCO2 उलट दिशांना जातात, मेटाबोलिक दोषात pH आणि HCO3 एकाच दिशेला.

pH आधी का, याला इतिहासातलं एक उत्तर आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात दाखल होत होते आणि त्यातले बहुसंख्य दगावत होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेलं दिसायचं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ कसलासा न उलगडणारा अल्कलोसिस असा लावला होता. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी तोच आकडा वेगळा वाचला: रुग्णांना कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही, तो साठतोय आणि बायकार्बोनेट त्याच्या मागे वाढतंय. हा अल्कलोसिस नाही, रेस्पिरेटरी ॲसिडोसिस आहे. pH मोजल्यावर त्यांचं म्हणणं खरं ठरलं. ऑगस्ट महिन्यात त्यांनी एका 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि ती वाचली. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून शेकडो रुग्णांच्या पिशव्या दिवसरात्र दाबल्या. HCO3 चा आकडा दोन्ही वाचनांत एकच होता. तो गुन्हेगार आहे की मदतनीस, एवढाच फरक होता आणि तो pH शिवाय कळत नाही.

भरपाई म्हणजे काय: एका हातातली बादली

उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन चालणारा माणूस आठवा. तो डावीकडे झुकलेला असतो. ते झुकणं हा त्याच्या पाठीचा दोष नाही. वजनाचा तोल सांभाळायला शरीराने केलेली ती भरपाई आहे, परीक्षेच्या भाषेत कॉम्पेन्सेशन. एबीजीमध्ये मूळ बिघाड ही बादली, आणि दुसऱ्या अवयवाने केलेली भरपाई हे झुकणं.

बादलीबद्दल तीन गोष्टी आपल्याला न शिकवता माहीत असतात आणि तिन्ही इथे लागू पडतात. पहिली, झुकायचं ते वजनाच्या विरुद्ध बाजूला. मेटाबोलिक ॲसिडोसिसमध्ये HCO3 घटला की फुफ्फुसं PaCO2 घटवतात, म्हणजे गुणोत्तर सावरतं. दुसरी, वजन तोलण्यासाठी झुकणारा माणूस झुकून झुकून दुसऱ्या बाजूला पडत नाही. श्वास वाढवायला भाग पाडतो तो घसरलेला pHच. pH वर येऊ लागला की तो जोरही ओसरतो. म्हणून भरपाई pH ला नॉर्मलच्या जवळ नेते, पण ओलांडून पलीकडे नेत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी परीक्षेच्या तयारीत बहुधा राहून जाते: बादली जितकी जड, तितकं झुकणं जास्त असायला हवं. भरलेली बादली हातात असून एखादा माणूस ताठ उभा दिसला, तर त्याची पाठ छान सरळ आहे असं आपण म्हणत नाही. त्याला झुकता येत नाहीये आणि तो आता पडेल, हे आपल्याला कळतं.

35 हा आकडा म्हणजे तो ताठ उभा माणूस.

किती झुकायला हवं?

याचं मोजमाप 1967 मध्ये अल्बर्ट, डेल आणि विंटर्स यांनी दिलं. मेटाबोलिक ॲसिडोसिसच्या रुग्णांत HCO3 किती असेल तेव्हा PaCO2 किती असतो, हे बघून त्यांनी सूत्र मांडलं. विंटर्सचं सूत्र म्हणून ते ओळखलं जातं:

```
अपेक्षित PaCO2 = (1.5 × HCO3) + 8, ± 2
```

म्हणजे मेटाबोलिक ॲसिडोसिस दिसला की 35 ते 45 ही मर्यादा बाजूला ठेवायची. ती बादली हातात नसलेल्या माणसाची मर्यादा आहे. या रुग्णाची मर्यादा या सूत्रातून नव्याने काढायची आणि रिपोर्टवरचा PaCO2 तिच्याशी ताडून बघायचा. तो अपेक्षित पट्ट्यात बसला तर फुफ्फुसं आपलं काम पुरतं करतायत. पट्ट्याच्या वर असेल तर मेटाबोलिक ॲसिडोसिसच्या जोडीला रेस्पिरेटरी ॲसिडोसिसही आहे. खाली असेल तर जोडीला रेस्पिरेटरी अल्कलोसिस आहे.

फुफ्फुसांची भरपाई काही मिनिटांत सुरू होते आणि साधारण 12 ते 24 तासांत पूर्ण जोर धरते. मूत्रपिंडांची भरपाई मात्र तासांनी सुरू होऊन पूर्ण व्हायला तीन ते पाच दिवस घेते. म्हणून श्वसनाचा बिघाड आत्ताच झाला असेल तर HCO3 जवळजवळ जागचा हललेला नसणं साहजिक आहे. पण मेटाबोलिक ॲसिडोसिस कालपासून असेल आणि PaCO2 हललेला नसेल, तर ते साहजिक नाही. त्याचं कारण शोधावं लागतं.

एक रुग्ण, दोन रिपोर्ट

शिकवण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. 22 वर्षांची मुलगी, टाइप 1 मधुमेह. दोन दिवस उलट्या झाल्या, खाणं नाही म्हणून इन्सुलिनही घेतलं नाही. आली तेव्हा तोंड कोरडं, श्वासाला गोडसर वास, श्वास मिनिटाला 36, खोल आणि लांब. याला कुसमाउल श्वसन म्हणतात. लघवीत कीटोन भरपूर. पहिला रिपोर्ट:

pH 7.22, PaCO2 20, HCO3 8.

pH कमी, म्हणजे ॲसिडोसिस. PaCO2 कमी आहे, आणि कमी PaCO2 रक्ताला आम्ल करू शकत नाही, म्हणून तो गुन्हेगार नाही. HCO3 8 आहे, तोच गुन्हेगार: मेटाबोलिक ॲसिडोसिस. आता सूत्र. 1.5 गुणिले 8 म्हणजे 12, अधिक 8 म्हणजे 20. अपेक्षित पट्टा 18 ते 22, प्रत्यक्षात 20. फुफ्फुसं जेवढं करायला हवं तेवढं करतायत. तिची धाप भयंकर दिसते, पण ती धापच तिला सावरून धरतेय. ही धाप कमी व्हावी म्हणून तिला झोपेचं किंवा श्वास मंदावणारं औषध देणं म्हणजे झुकलेल्या माणसाला जबरदस्तीने सरळ उभं करण्यासारखं आहे.

सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं. थोडा ऑक्सिजनही लावला होता. अडीच तासांनी ती शांत दिसते. श्वास मिनिटाला 16, उथळ. हाक मारली की डोळे उघडते, पुन्हा मिटते. सॅच्युरेशन 98 टक्के. नातेवाइकांना वाटतं, बरं झालं, जरा झोप लागली. ड्यूटीवर नवीन असलेल्या सिस्टरलाही तसंच वाटू शकतं, कारण मॉनिटरवर लाल काहीच नाही. दुसरा रिपोर्ट येतो:

pH 6.98, PaCO2 35, HCO3 8.

हा तोच सुरुवातीचा रिपोर्ट. HCO3 अजून 8 च आहे, म्हणजे बादली तेवढीच जड आहे. अपेक्षित PaCO2 अजूनही 18 ते 22 आहे. प्रत्यक्षात तो 35. मूळ सूत्रात घालून बघा: पहिल्या रिपोर्टला 24 गुणिले 20 भागिले 8, म्हणजे 60 नॅनोमोल. दुसऱ्याला 24 गुणिले 35 भागिले 8, म्हणजे 105. मधल्या अडीच तासांत कीटोनमुळे आम्ल वाढलं असं काही झालेलं नाही, HCO3 तर जागचा हललाही नाही. आम्लता पाऊणपट वाढली ती केवळ श्वास थकल्यामुळे.

थकला म्हणजे किती, याचाही अंदाज येतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड तेवढाच तयार होत असेल तर PaCO2 हा उपयोगी श्वसनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तो 20 वरून 35 झाला, म्हणजे फुफ्फुसांतून खरोखर होणारी हवेची अदलाबदल जवळजवळ निम्म्यावर आली.

आणि सॅच्युरेशन 98? ते ऑक्सिजन रक्तात पोचतोय एवढंच सांगतं. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा श्वास निम्म्यावर आला तरी बोटाला लावलेला क्लिप बराच वेळ चांगलाच आकडा दाखवत राहू शकतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून मघाशी म्हटलं, हे दोन विषय मिसळू नका. या मुलीची बिघडती अवस्था रिपोर्टच्या आधी पकडणारी गोष्ट एकच होती: पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजलेला श्वास आणि त्याच्या खोलीची नोंद. 36 खोल श्वासांवरून 16 उथळ श्वास आणि सोबत गुंगी, हे ‘सुधारणा’ या रकान्यात लिहायचं नसतं. खरी सुधारणा असती तर HCO3 वर चढताना दिसला असता आणि मुलगी जास्त जागी झाली असती.

ती का थकली असेल? तासन्तास एवढ्या जोराने श्वास घेऊन स्नायू दमतात. इन्सुलिन सुरू केल्यावर पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं. ते फार उतरलं की श्वसनाचे स्नायू दुबळे होतात, शिवाय हृदयाची लयही बिघडते. गुंगीत उलटी श्वासनलिकेत गेली असेल. तरुण रुग्णांत मेंदूला सूज येण्याचा धोकाही असतो. पोटदुखीवर कोणी अफूवर्गीय वेदनाशामक दिलं असेल तर तेही. ही सगळी कारणं त्याच क्षणी तपासायची असतात, पण आधी मदतीला हाक, डोकं वर, श्वासमार्ग मोकळा, अँबू बॅग हाताशी आणि डॉक्टरांना फोन. फोनवर ‘एबीजी आलाय, pH कमी आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘HCO3 8 आहे, PaCO2 20 असायला हवा तो 35 झालाय, श्वास 36 वरून 16 वर आलाय आणि ती गुंगीत आहे’ असं सांगितलंत तर पलीकडचा माणूस धावत येतो.

मग परीक्षेत कुठला पर्याय निवडायचा?

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अनेक प्रश्नपत्रिका चौकटीची पद्धत धरतात. त्या पद्धतीत दुसरा अवयव नॉर्मल मर्यादेत असेल तर ‘अनकॉम्पेन्सेटेड’, तो हलला असेल पण pH अजून बिघडलेला असेल तर ‘पार्शली कॉम्पेन्सेटेड’, आणि pH मर्यादेत परतला असेल तर ‘फुली कॉम्पेन्सेटेड’. त्या हिशेबाने पहिला रिपोर्ट पार्शली कॉम्पेन्सेटेड मेटाबोलिक ॲसिडोसिस आणि दुसरा अनकॉम्पेन्सेटेड मेटाबोलिक ॲसिडोसिस. प्रश्नात फक्त तीन आकडे असतील आणि पर्यायांत हेच शब्द असतील, तर हेच निवडा, गुण मिळतील.

पण प्रश्नात रुग्णाची गोष्ट असेल आणि ‘नर्सने सर्वांत आधी काय करावं’ असं विचारलं असेल, तर या चौकटीवर थांबू नका. गोष्टीत तास उलटलेले असतील, श्वास मंदावलेला असेल, गुंगी असेल, तर ‘अनकॉम्पेन्सेटेड’ हा शब्द पुरेसा नाही. भरपाई अजून सुरू झालेली नाही असा त्याचा अर्थ होतो. इथे ती सुरू होऊन कोसळली आहे. अशा प्रश्नाचं उत्तर इन्सुलिनचा वेग वाढवण्यात नसतं, ते श्वासमार्ग आणि श्वसन सांभाळण्यात असतं.

‘HCO3 कमी आहे, तर बायकार्बोनेट का देऊ नये?’

सरळ वाटणारा प्रश्न आहे आणि बरेच विद्यार्थी इथे घसरतात. शिरेतून दिलेलं बायकार्बोनेट आम्लाला टिपतं, हे खरं. पण टिपल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो फुफ्फुसांनीच टाकायचा असतो. आपल्या मुलीची फुफ्फुसं आधीचाच वायू टाकायला कमी पडतायत. त्यात ही भर घातली तर PaCO2 आणखी चढेल. शिवाय बायकार्बोनेट पोटॅशियमला आणखी खाली ढकलतं. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये इन्सुलिन मिळालं की कीटोन तयार होणं थांबतं आणि शरीर बायकार्बोनेट स्वतः परत बनवतं, म्हणून सहसा ते देत नाहीत. pH 7.0 च्या आसपास किंवा खाली गेल्यावर त्याचा विचार होतो, तोही डॉक्टरांच्या निर्णयाने आणि श्वसनाची सोय झाल्यावर.

श्वसनाची सोय म्हणजे कदाचित व्हेंटिलेटर, आणि तिथेही हाच सापळा पुन्हा उघडा असतो. यंत्रावर श्वासाचा वेग नेहमीसारखा मिनिटाला 12 ते 14 ठेवला तर यंत्र PaCO2 ला 40 कडे नेईल. HCO3 8 असताना PaCO2 40 म्हणजे 120 नॅनोमोल, pH साधारण 6.92. नळी घालताना श्वास थांबतो तेवढ्या वेळातही हेच घडतं. म्हणून अशा रुग्णाला यंत्राकडूनही वेगवान श्वास द्यावा लागतो. सुरुवातीचं लक्ष्य ‘नॉर्मल’ PaCO2 नसतं, सूत्रातून आलेला PaCO2 असतो. अँबू बॅग दाबणाऱ्या हातालाही हे माहीत असायला हवं.

‘पण नमुनाच चुकला असेल तर?’

रास्त शंका. नमुना बहुधा मनगटाजवळच्या रेडियल धमनीतून घेतात. आधी ॲलनची चाचणी करून हाताला दुसऱ्या धमनीचा रक्तपुरवठा आहे का ते बघतात. नंतर किमान पाच मिनिटं दाबून धरतात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी जास्त. चुका मात्र बहुतेक सुई बाहेर आल्यावर होतात.

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर PaCO2 खोटा कमी दिसतो, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच. खोलीच्या हवेवर असलेल्या रुग्णात ऑक्सिजन खोटा जास्त दिसतो. द्रव हेपरिन सिरिंजमध्ये जास्त राहिलं तर रक्त पातळ होऊन PaCO2 आणि HCO3 दोन्ही खोटे कमी येतात, आणि रिपोर्ट मेटाबोलिक ॲसिडोसिससारखा दिसू शकतो. नमुना टेबलावर पडून राहिला तर रक्तपेशी जिवंतच असतात. त्या ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून PaO2 उतरतो, PaCO2 चढतो, pH घसरतो. प्लास्टिकच्या सिरिंजमधला नमुना 30 मिनिटांच्या आत मशीनवर जायला हवा. धमनीऐवजी शीर लागली असेल तर PaO2 चाळिशीच्या आसपास येतो, आणि सॅच्युरेशनचा क्लिप 98 दाखवत असेल तर ही विसंगती तिथेच कळते.

मघाचं H+ चं सूत्र वापरून रिपोर्ट पडताळता येतो, पण त्याची मर्यादा ओळखून ठेवा. मशीन pH आणि PaCO2 प्रत्यक्ष मोजतं आणि HCO3 त्या दोघांवरून गणिताने काढतं. म्हणून मशीनचे तीन आकडे एकमेकांशी जुळणारच. ते जुळले नाहीत तर कोणीतरी उतरवून घेताना चुकलंय, एवढंच कळतं. नमुना खरा आहे का, हे पडताळायचं असेल तर शिरेतल्या रक्ताच्या वेगळ्या तपासणीतलं बायकार्बोनेट शेजारी ठेवून बघा. आणि रुग्णाकडे बघा. रिपोर्ट PaCO2 20 म्हणतोय आणि समोरची रुग्ण संथ श्वास घेतेय, तर दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय.

‘pH नॉर्मल असेल तर पुढचं बघायची गरज काय?’

शेवटचा रिपोर्ट तुम्ही स्वतः सोडवून बघा. रुग्णाने गोळ्या खाल्ल्याचा संशय आहे, कानात आवाज होतोय म्हणतो, श्वास जलद आहे:

pH 7.40, PaCO2 25, HCO3 15.

pH अगदी मध्यावर. चौकटीच्या पद्धतीने याला ‘फुली कॉम्पेन्सेटेड’ म्हणायचा मोह होतो. पण कशाचं कॉम्पेन्सेटेड, ते ठरवता येत नाही, कारण pH कुठल्याच बाजूला झुकलेला नाही. सूत्र लावा. 1.5 गुणिले 15 म्हणजे 22.5, अधिक 8 म्हणजे 30.5. अपेक्षित पट्टा 28.5 ते 32.5. प्रत्यक्षात 25, पट्ट्याच्या खाली. फुफ्फुसांनी फक्त भरपाई केली असती तर PaCO2 30 च्या आसपास थांबला असता आणि pH 7.32 च्या जवळ राहिला असता, थोडा आम्ल बाजूलाच. कारण बादलीचा माणूस गरजेपेक्षा जास्त झुकत नाही. इथे तो झुकलाय, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही त्याला कोणीतरी ओढतंय. मेटाबोलिक ॲसिडोसिस आणि रेस्पिरेटरी अल्कलोसिस असे दोन स्वतंत्र बिघाड एकाच वेळी आहेत आणि एकमेकांना झाकतायत. ॲस्पिरिनच्या विषबाधेत नेमकं हेच होतं. ते औषध मेंदूतल्या श्वसनकेंद्राला थेट चेतवतं आणि दुसरीकडे रक्तात आम्लही वाढवतं. कानातला आवाज ही त्याचीच खूण. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णातही अशी जोडी दिसते. या रुग्णाच्या कागदावर pH पुढे बरोबरची खूण करून तो बाजूला ठेवायचा नाही. रक्तातली सॅलिसिलेटची पातळी मागवायची असते, आणि त्याला गुंगी येऊ लागली, श्वास मंदावू लागला, तर तो शांत झाला असं समजायचं नसतं.